कुठल्या तुम्ही?

कोल्हापूरच्या एस.टी.त शेजारच्या सीटवर कुणी अनोळखी माणूस येऊन बसला, की पाचेक मिनिटांत प्रश्न येतोच, ‘पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ गाव सांगितलं की त्या गावातलं कुणीतरी ओळखीचं निघतं. मग नोकरी कुठे, मुलं किती, पाऊस कसा आहे तिकडे. कराड येईपर्यंत दोघांनाही एकमेकांचा अंदाज आलेला असतो. शेजाऱ्याला पिशवी सांभाळायला सांगून चहाला उतरता येतं, इतपत तरी.

माझी भाची याच पट्ट्यात वाढली. अन्नतंत्रज्ञान शिकली आणि तीन वर्षांपासून कोल्हापूरजवळच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. मागच्या वर्षी एका रविवारी ती फोन घेऊन माझ्यासमोर बसली. ‘मामा, तू आयुष्यभर संज्ञापन शिकवलंस ना, मग हे बघ. मॅडमनी रिक्वेस्ट घेतली, पण उत्तरच देत नाहीत.’

लिंक्डइनवर तिने पुण्यातल्या एका अनुभवी बाईंना निमंत्रण पाठवलं होतं. पदार्थ किती दिवस टिकतो हे ठरवणं हाच त्यांचा व्यवसाय. निमंत्रणासोबत चिठ्ठी नव्हती. विनामूल्य खात्यावरून महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या पाठवता येतात आणि हिने त्या आधीच संपवल्या होत्या. निमंत्रण स्वीकारलं गेलं. त्यानंतरचे संदेश असे होते. सोमवारी: ‘हाय मॅम.’ मंगळवारी: ‘मॅम, मला आपलं मार्गदर्शन हवं आहे.’ गुरुवारी: ‘आपण सध्या कोणत्या पदावर आहात?’ शुक्रवारी हात जोडलेली इमोजी. पलीकडून काहीच नाही.

ती म्हणाली, ‘मी तर नम्रपणेच बोलले.’ तेही खरंच होतं. एस.टी.त चाललं असतं तेच बोलणं तिने तिथे केलं होतं. बिघडलं कुठे, हे सांगण्यासाठी मला पन्नास वर्षं मागे जावं लागलं.

अमेरिकेतले चार्ल्स बर्गर आणि रिचर्ड कॅलाब्रीझ या दोन अभ्यासकांनी 1975 साली एक निबंध लिहिला. दोन अनोळखी माणसं पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांच्यात नेमकं काय चाललेलं असतं, हा त्याचा विषय. तोवर बहुतेकांचा समज असा, की माणसं आपलेपणासाठी बोलतात, किंवा फायद्यासाठी. या दोघांचं म्हणणं वेगळं होतं. पहिल्या भेटीत माणसाला सर्वांत जास्त खुपते ती अनिश्चितता. समोरचा आता काय करेल ते कळत नाही, आणि त्याने काही केलं तर का केलं तेही कळत नाही. काय करेल हा अंदाज आधी हवा असतो, का केलं याचा खुलासा नंतर. पहिल्या भेटीतलं आपलं बरंचसं बोलणं या दोन गोष्टी जमवण्यासाठी चाललेलं असतं. म्हणून या मांडणीला अनिश्चितता कमी करण्याचा सिद्धांत म्हणतात.

मांडणी अगदी भूमितीच्या थाटाची आहे. आधी सात गृहीतकं दिली आहेत. बोलणं वाढलं की अनिश्चितता घटते. हसरा चेहरा, मानेची हालचाल, नजर यांनीही ती घटते. अनिश्चितता जास्त असेल तर माणूस जास्त चौकशी करतो, पण खासगी विषयांना हात घालत नाही. ती जास्त असताना देवाणघेवाण अगदी काट्यावर तोललेली असते, एकाने गाव सांगितलं की दुसऱ्यानेही गावच सांगायचं. दोघांमध्ये काही सारखं निघालं की ती कमी होते. आणि शेवटचं, ती वाढली की माणूस नावडू लागतो. अनिश्चितता मधून काढून या सात गोष्टींच्या दोन-दोनांच्या जोड्या लावल्या, की एकवीस प्रमेयं तयार होतात. पोरांना परीक्षेत ती पाठ करावी लागत, म्हणून मला तोंडपाठ आहेत. तुम्हाला त्यांची गरज नाही.

गरज आहे ती त्यांनी सांगितलेल्या टप्प्यांची. पहिला टप्पा प्रवेशाचा. त्यात नाव, गाव, काम, शिक्षण असले बिनधोक प्रश्न येतात आणि त्यांची क्रमवारी जवळजवळ ठरलेली असते. या टप्प्यात मिळणाऱ्या माहितीला फारशी किंमत नसते. शेजारचा माणूस इस्लामपूरचा आहे की विट्याचा, याने आपलं काय अडतं? पण ती विचारता-सांगताना दुसरंच काही घडत असतं. हा माणूस प्रश्नाला सरळ उत्तर देतो का, आपल्याला बोलू देतो का, उलट विचारतो का, हे आपण पाहून घेतो. दुसऱ्या टप्प्यात मतं, अडचणी, आवडीनिवडी येतात. पहिला टप्पा नीट पार पडला असेल तरच तिथे पाय ठेवता येतो. तिसरा टप्पा पुढे भेटायचं की नाही हे ठरवण्याचा.

आता लिंक्डइन उघडून बघा. पहिल्या टप्प्यातली झाडून सगळी माहिती तिथे आधीच लिहिलेली असते: नाव, फोटो, शहर, कॉलेज, कुठल्या साली कुठे नोकरी, आज कुठल्या पदावर. म्हणजे प्रवेशाचा टप्पा प्रोफाइलने गिळून टाकलाय. एस.टी.त ‘काय करता?’ हा सभ्य प्रश्न. लिंक्डइनवर ‘आपण कोणत्या पदावर आहात?’ म्हटलं, की त्याचा अर्थ ‘तुमचं पान उघडून बघण्याचेही कष्ट मी घेतलेले नाहीत’ असा होतो. भाचीने गुरुवारी नेमकं हेच केलं होतं. गंमत म्हणजे तिने ते पान चारदा वाचलं होतं. बाईंचं पद तिला माहीत होतं. एकदम कामाचं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून तिने विचारायचं म्हणून विचारलं.

टप्पा गिळला गेला तरी त्यातलं ते दुसरं काम कुणी केलेलं नसतं. समोरचा सरळ बोलतो का, उलट विचारतो का, हे प्रोफाइल सांगत नाही. त्यामुळे पहिला संदेश एका अवघड जागी येऊन पडतो. बिनधोक प्रश्न विचारायची सोय उरलेली नाही आणि पुढचे प्रश्न विचारण्याइतकी ओळख झालेली नाही.

त्यातून दोघं एकाच पायरीवर नसतात. बर्गर यांनी माहिती काढण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या होत्या. लांबून निरखणं, तिसऱ्याकडे चौकशी करणं आणि थेट विचारणं. जालावरच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या आर्टेमिओ रामिरेझ, जोसेफ वॉल्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली त्यात चौथी घातली. जालावर साठलेली माहिती उपसून काढणं, आणि तीही समोरच्याला पत्ता लागू न देता. भाचीने बाईंचं प्रोफाइल, दोन वर्षांच्या पोस्ट, एका परिषदेतल्या भाषणाचा व्हिडिओ, सगळं उपसलं होतं. तिच्या बाजूने अनिश्चितता बरीच उतरलेली होती. बाईंना मात्र तिच्याबद्दल कळलं होतं ते एवढंच, की एक मुलगी आहे, डेअरीत आहे आणि ‘हाय मॅम’ म्हणते आहे. एकीला सहा महिन्यांची ओळख वाटत होती, दुसरीला सहा सेकंदांची. अनोळखी माणसाने आपल्याशी फार ओळखीने बोलावं आणि आपण बुचकळ्यात पडावं, असा अनुभव लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी घेतलेला असतो. बाईंची तीच गत झाली.

या एकतर्फीपणावर लिंक्डइनने एक मजेशीर तोड काढली आहे. तुम्ही कुणाचं पान पाहिलं की त्या माणसाला ते कळू शकतं. लपून पाहायचं असेल तर तशी सोय आहे, पण विनामूल्य खात्यावर ती वापरली की तुमचं पान कोण पाहून गेलं हे तुम्हालाही दिसत नाही. देवाणघेवाण सारखी असावी हे बर्गर-कॅलाब्रीझ यांचं पाचवं गृहीतक, इथे ते सेटिंगमध्येच बसवून टाकलंय. म्हणून मी पोरांना सांगतो, आधी नाव उघडं ठेवून पान पाहा. ‘अमुक बाई माझं पान पाहून गेली’ एवढं तरी समोरच्याला आधी कळतं. ती पहिली ओझरती नजरभेट समजा.

भाचीशी बोलता बोलता मी तिला विचारलं, ‘तुझा संदेश वाचून त्यांना काय कळायला हवं?’ ती म्हणाली, ‘मी कोण आहे ते.’ मी म्हटलं, ते त्यांना एका क्लिकवर कळतं. त्यांना कळत नाही ते वेगळंच. ही माझ्याकडे का आली, आणि मी उत्तर दिलं तर पुढे काय काय मागेल?

व्यावसायिक ओळखींच्या जागी अनिश्चितता बसलेली असते ती इथे. तुम्ही कोण, याची नव्हे, तुम्हाला काय हवंय याची. ‘मार्गदर्शन हवं आहे’ या वाक्याने ती घटत नाही, उलट वाढते. मार्गदर्शन म्हणजे एक ओळ, की दर रविवारी तासभर? नोकरी हवीय, की शिफारस? प्रश्नाचा आकारच कळत नाही. नुसत्या ‘हाय’चंही तसंच आहे. प्रत्यक्षात ‘नमस्कार’ म्हणताना चेहरा, आवाज, उभं राहण्याची ढब सोबत येते आणि दुसऱ्या गृहीतकानुसार अनिश्चितता थोडी उतरते. पडद्यावर तो शब्द एकटा येतो. वाचणाऱ्याला एवढंच कळतं, की याला काहीतरी हवंय आणि ते हा अजून सांगत नाहीये. सातवं गृहीतक तिथे लागू पडतं, अनिश्चितता वाढली की माणूस नावडू लागतो. भाचीने काहीही वाईट न बोलता ती नावडण्याजोगी झाली होती.

मग थेट विचारणं उद्धटपणाचं ठरत नाही का? तिचा प्रश्न रास्त होता. लिसा टिडवेल आणि वॉल्थर यांचा एक प्रयोग 2002 सालीच प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांच्या काही जोड्या समोरासमोर बसवल्या आणि काहींना संगणकावरून बोलायला लावलं. संगणकावरच्या जोड्यांच्या बोलण्यात थेट प्रश्नांचं आणि स्वतःबद्दल सांगण्याचं प्रमाण समोरासमोरच्यांपेक्षा जास्त भरलं, प्रश्नही जास्त आतले होते. चेहरा वाचता येत नाही म्हणून माणसं शब्दांकडून जास्त काम करून घेतात, आणि दोन्ही बाजूंना तीच अडचण असल्याने त्याचं कुणाला वावगं वाटत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला थेट विचारायला जीभ रेटत नाही हे मला मान्य आहे. पण लिहिताना आढेवेढे घेतले की सभ्यपणा पोहोचत नाही, नुसता आढेवेढ्यांचा वेळ पोहोचतो.

त्या दुपारी आम्ही नवा संदेश लिहिला. म्हणजे तिने लिहिला आणि मी खोडला. शेवटी उरला तो असा:

‘नमस्कार मॅडम. आधीचे संदेश अर्धवट होते, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या प्रयोगशाळेत पनीर किती दिवस टिकतं याच्या चाचण्या मी घेते. तापमान वाढवून घाईने घेतलेली चाचणी थंड ठेवण्याच्या पदार्थांना फसवते, असं आपण एका पोस्टमध्ये लिहिलं होतं. आमचे नमुने 5, 10 आणि 15 अंशांवर ठेवतो. 15 अंशांवरच्या आकड्यांवरून काढलेला अंदाज 5 अंशांवरच्या प्रत्यक्ष निकालाशी गेल्या चारही वेळा जुळला नाही. 15 अंशांचा संच बंद करावा का, एवढाच प्रश्न आहे. पुढेमागे मला पुण्यात या क्षेत्रात काम शोधायचं आहे, पण आज त्याबद्दल काही विचारत नाही.’

पनीरचं थोडं सांगायला हवं. पदार्थ थंड जागी किती दिवस टिकतो हे पाहायला तितके दिवस थांबावं लागतं. ते टाळण्यासाठी तो गरम जागी ठेवतात, तिथे तो लवकर खराब होतो, आणि त्यावरून थंड जागेचा हिशेब मांडतात. बिस्किटाला हे बऱ्यापैकी चालतं. पनीर मात्र जिवाणूंमुळे खराब होतं, आणि फ्रीजमध्ये वाढणारे जिवाणू वेगळे, उबेत वाढणारे वेगळे. त्यामुळे गरम जागेचा हिशेब थंड जागेला लागू पडेलच असं नाही. भाचीच्या संदेशातली ती चार वाक्यं वाचून या क्षेत्रातल्या माणसाला लगेच कळतं, की हिने हे काम स्वतःच्या हाताने केलंय. असं काही वाचून खोटं ठोकून देणं अवघड असतं. प्रोफाइलवरच्या ‘गुणवत्ता नियंत्रणाचा 3 वर्षांचा अनुभव’ या ओळीने जे झालं नसतं, ते ‘चारही वेळा जुळला नाही’ने झालं.

त्यात देणंही आहे. भाचीने बाईंच्या दोन वर्षांच्या पोस्ट वाचल्या होत्या, त्या बदल्यात स्वतःच्या प्रयोगशाळेतलं एक अपयश उघड केलं. अर्थात सांगण्याजोगं तेवढंच, मालकाची गुपितं नाहीत. प्रश्न एकच आणि त्याला हो-नाहीतही उत्तर देता येईल असा. खर्च किती येणार हे बाईंना उत्तर देण्याआधी कळत होतं.

शेवटच्या वाक्यावर आमचं भांडण झालं. तिला ‘मी नोकरीसाठी लिहीत नाहीये’ असं हवं होतं. ते खोटं होतं, आणि खोटं असण्यापलीकडे महागही पडलं असतं. सॅली प्लानाल्प आणि जेम्स हनीकट यांनी 1985 साली दाखवलं, की अनिश्चितता एकदा उतरली की उतरलेलीच राहते असं नाही. जवळच्या माणसाची एखादी फसवणूक, एखादं उघड झालेलं गुपित यांनी ती नव्याने उसळते आणि मागच्या सगळ्या आठवणींकडे माणूस संशयाने पाहू लागतो. त्यांचा अभ्यास जुन्या नात्यांचा होता, पण तीन महिन्यांनी ‘मॅडम, तुमच्याकडे जागा आहे का’ असं गेलं असतं तर पनीरचे सगळे प्रश्न बाईंना आमिष वाटले असते. हवं ते सांगून टाकलं आणि आज मागत नाही हेही सांगितलं, की पुढचा रस्ता दोघांनाही दिसतो.

संदेश गेला आणि नऊ दिवस काही आलं नाही.

इथे सिद्धांताची मर्यादा सांगायला हवी, कारण शिकवताना मीही ती बरीच वर्षं शेवटच्या तासाला ढकलत असे. तिसरं गृहीतक म्हणतं, अनिश्चितता असली की माणूस माहिती शोधतो. 1990 साली कॅथी केलरमन आणि रॉडनी रेनॉल्ड्स यांनी ते तपासलं आणि ते टिकलं नाही. माहिती नसणं आणि माहिती हवीशी वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या, आणि माणूस चौकशीला निघतो तो दुसरीमुळे. मायकेल सनफ्रँक यांनी त्याआधीच, 1986 साली, वेगळी चूल मांडली होती. त्यांच्या मते माणूस पहिल्या काही क्षणांत एवढंच जोखतो, की या ओळखीतून पुढे काही चांगलं निघेल का. निघेलसं वाटलं तर बोलणं वाढतं, नाही तर सभ्यपणे आवरतं घेतलं जातं. बर्गर यांनाही ही भानगड ठाऊक होती. अनिश्चितता केव्हा टोचते याच्या तीन अटी त्यांनी सांगून ठेवल्या होत्या: समोरच्याकडून काही मिळण्यासारखं असेल, तो काही वेगळंच वागला असेल, किंवा पुन्हा भेट होणार असेल.

लिंक्डइनवर अनोळखी संदेश आला तर घेणाऱ्याच्या बाजूने या तिन्हींपैकी बहुधा एकही अट नसते. एस.टी.त कराडपर्यंत शेजारी बसायचंच असतं, इथे खिडकी बंद केली की शेजारी नाहीसा. म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाला माजलेला म्हणायची घाई करू नये. तुमच्याबद्दल जाणून घ्यावं असं त्याला काही टोचलेलं नसतं, इतकंच. भाचीच्या दुसऱ्या संदेशात टोचण्याजोगं काही असेल तर ते एकच होतं, बाईंनी मांडलेल्या मताला एका लहान डेअरीतून मिळालेला पुरावा. तो पुरेल की नाही हे मला माहीत नव्हतं. चिवटपणे रोज आठवण करून देण्याने मात्र त्यात काही भर पडली नसती, म्हणून ते मी करू दिलं नाही.

त्या नऊ दिवसांत दुसरीकडून एक संदेश आला. एका ‘भरती अधिकाऱ्याचा’. तो इतका गोड होता की भाची हरखली. तिच्याच कॉलेजचा म्हणे, मूळचा सांगलीचा, तिच्या ओळखीतले अकरा लोक त्याच्याही ओळखीत. परदेशी कंपनी, पगार, पद, रुजू होण्याची तारीख, सगळं पहिल्याच संदेशात. ‘बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू.’

सिद्धांताच्या काट्यावर हा संदेश भाचीच्या संदेशापेक्षा सरस ठरतो, आणि तीच त्याची मेख आहे. सारखेपणाने अनिश्चितता घटते, तो सारखेपणा घेऊन आला होता. दोघांच्या ओळखीची माणसं एक असली की ती घटते, हे पहिल्या सातांत नव्हतं. माल्कम पार्क्स आणि मारा ॲडेलमन यांच्या 1983 च्या अभ्यासातून ते पुढे आलं आणि नंतर आठवं गृहीतक म्हणून जोडलं गेलं. पण त्यांनी अभ्यासली होती ती प्रेमात पडलेली जोडपी, एकमेकांच्या मित्रांशी आणि घरच्यांशी खरोखर बोलणारी. लिंक्डइनवरच्या सामाईक ओळखी म्हणजे बहुतेकदा कुणीतरी अंगठा दाबून स्वीकारलेली निमंत्रणं. भाचीने अकरापैकी तिघांना विचारलं. एकालाही हा गृहस्थ आठवेना.

मग भरवसा कशावर ठेवायचा? वॉल्थर आणि पार्क्स यांनी त्याला एक साधी कसोटी सुचवली आहे. माणसाने स्वतःबद्दल लिहिलेली आणि सहज बदलता येणारी माहिती हलकी. त्याच्या हातात नसलेली, इतरांनी दिलेली माहिती जड. पदवी, गाव, फोटो हे सगळं तो स्वतः टाकतो. त्याच्या जुन्या सहकाऱ्याने तीन वर्षांपूर्वी एखाद्या कामाबद्दल केलेली टिप्पणी त्याला मागाहून तयार करता येत नाही. जेमी गिलरी आणि जेफरी हॅनकॉक यांच्या 2012 च्या प्रयोगात हेच निराळ्या बाजूने दिसलं. कागदी बायोडेटाच्या मानाने लिंक्डइनवर लोकांनी नोकऱ्या आणि जबाबदाऱ्यांबद्दल कमी थापा मारल्या, कारण ते ओळखीचे लोक वाचतात आणि पडताळू शकतात. छंद आणि आवडींबद्दल मात्र जास्त मारल्या, कारण तुम्ही खरंच ट्रेकला जाता का हे कोण तपासणार?

आम्ही त्या पानाच्या माहितीचा भाग उघडला. खातं कधी सुरू झालं ते तिथे दिसतं. याचं खातं दोन महिन्यांचं, आणि नोकऱ्या बारा वर्षांच्या. एकाही पोस्टखाली कुणा सहकाऱ्याची ओळ नाही. आणि मला सर्वांत खटकलं ते हे, की त्याने भाचीला एकही प्रश्न विचारला नव्हता. खऱ्या भरती करणाऱ्याच्या मनात उमेदवाराबद्दल भरपूर अनिश्चितता असते, ती फेडणं हेच त्याचं काम. ज्याला तुमच्याबद्दल काहीच जाणून घ्यायचं नाही आणि तरी तुम्हाला पद द्यायचं आहे, त्याचं गणित दुसरीकडेच चाललेलं असतं. भाचीने मुद्दाम विचारलं, ‘कुठल्या विभागासाठी?’ उत्तर आलं, ‘आधी नोंदणी शुल्क भरा.’

सारखेपणाबद्दल आणखी एक. आपल्याकडे ‘कुठले तुम्ही?’च्या पाठोपाठ ‘आडनाव काय म्हणालात?’ येतं आणि ते कशासाठी विचारतात हे सगळ्यांना माहीत असतं. प्रोफाइलवर आडनाव आधीच छापलेलं असल्याने तो प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही, आणि म्हणून त्याचा राग येण्याची सोयही राहत नाही. नुसतं नाव किंवा वडिलांचं नाव लावून प्रोफाइल करणारे माझे काही विद्यार्थी आहेत. त्यांना मी कारण विचारलेलं नाही. अनिश्चितता कमी झाली की माणूस आवडू लागतो असं म्हणणाऱ्या सिद्धांतात, काही जणांसाठी ती थोडी शिल्लक असणंच बरं असतं, याला जागा नाही.

दहाव्या दिवशी सकाळी बाईंचं उत्तर आलं. एकच ओळ. ‘नमुने कशात पॅक करता? व्हॅक्यूम की साधी पिशवी?’

भाची हिरमुसली. ‘बघ, उत्तर दिलंच नाही.’ मी म्हटलं, अगं, त्यांनी विचारलंय! माहिती हवीशी वाटल्याशिवाय कुणी विचारत नाही. तिने पॅकिंग, नमुन्यांची संख्या आणि किती दिवसांनी तपासणी होते ते लिहिलं. संध्याकाळी पाच ओळी आल्या. 15 सोडा, 8 अंशांवर एक संच ठेवा, दुकानदाराचा फ्रीज उन्हाळ्यात त्याच्या खाली क्वचितच असतो. तिने चार वेळांचे आकडे टाकले. बाईंनी एका वेळच्या आकड्यावर बोट ठेवलं, त्या दिवशी वीज गेली होती का? गेली होती. पुढचं उत्तर पडदाभर लांब होतं. बोलणं वाढलं की अनिश्चितता घटते आणि ती घटली की बोलणं वाढतं हे पहिलं गृहीतक, फळ्यावर मी ते दोन बाणांनी दाखवायचो.

असे दोन आठवडे गेले. मग एका रात्री, पनीरचा काही संबंध नसताना, बाईंचा संदेश आला, ‘अगं, तू मूळची कुठली? माझे मामा मिरजेला असायचे.’